उतारावर सायकल किती अंतरात थांबते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटात, पुलाच्या उतरणीवर किंवा गल्लीतल्या तीव्र उतारावर सायकल चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे चार प्रश्न क्रमाने वाचले तर पुढचे हवे तसे उघडता येतील. सगळे आकडे साध्या दोन चाकी सायकलचे आणि एकट्या स्वाराचे आहेत.

१. थांबण्याचं अंतर म्हणजे ब्रेक दाबल्यापासूनचं अंतर ना?

नाही, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. समोर खड्डा किंवा कुत्रं दिसल्या क्षणापासून सायकल पूर्ण उभी राहीपर्यंत जेवढा रस्ता मागे पडतो, ते थांबण्याचं अंतर. त्याचे दोन तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला उमगतं, बोटं लिव्हरवर जातात आणि ब्रेक धरू लागतो. या वेळात सायकल जवळपास त्याच वेगाने पुढे जात असते. दुसऱ्या तुकड्यात ब्रेक खरोखर काम करतो. पहिला तुकडा तुमचा आणि दुसरा सायकलचा, असं मी समजावतो. उताराचा फटका मुख्यतः दुसऱ्याला बसतो.

२. सूत्र कोणतं? मी किमी/तास घालून पाहिलं तर उत्तर भलतंच आलं.

सूत्र शाळेतलंच आहे:

थांबण्याचं अंतर = वेग × प्रतिक्रिया-काळ + (वेग × वेग) ÷ (२ × मंदन)

मंदन म्हणजे दर सेकंदाला वेग किती कमी होतो तो आकडा. वेग मीटर प्रति सेकंदात घालायचा, म्हणजे किमी/तासाच्या आकड्याला ३.६ ने भागायचं. ३६ किमी/तास म्हणजे १० मीटर/सेकंद आणि ४५ म्हणजे १२.५. भलतं उत्तर येण्याचं कारण जवळपास नेहमी हा राहून गेलेला भागाकार असतो.

सूत्राच्या दोन पदांचा स्वभाव वेगळा आहे. वेग दुप्पट झाला की पहिलं पद दुप्पट होतं, दुसरं मात्र चौपट. उतार असो वा सपाट रस्ता, वर्गाचा हा नियम बदलत नाही. उतारामुळे बदलतं ते फक्त मंदन.

३. मग उतार या सूत्रात नेमका कुठे शिरतो?

मंदनातून वजा होऊन. उतारावर गुरुत्वाकर्षणाचा एक भाग तुम्हाला सतत रस्त्याच्या दिशेने खाली ओढत असतो, आणि ब्रेकला आधी ही ओढ फेडावी लागते. जे उरतं त्यानेच वेग कमी होतो. हिशोबाला सोपा नियम असा: उताराच्या प्रत्येक १ टक्क्यामागे मंदनातून सुमारे ०.१ मीटर/सेकंद² वजा करा. ८ टक्के उतार असेल तर ०.८ आणि १० टक्के असेल तर १.०. (काटेकोर मूल्य ९.८ गुणिले उतार असं येतं, पण नेहमीच्या उतारांवर हा फरक ब्रेकच्या इतर अनिश्चिततेपुढे किरकोळ आहे.)

या वजाबाकीत एक गोष्ट लपलेली आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात तीच सगळ्यात महत्त्वाची. उतार सगळ्यांकडून सारखीच रक्कम कापतो. ज्याच्याकडे मंदन भरपूर आहे त्याला ०.८ गेल्याचं फारसं जाणवत नाही. ज्याच्याकडे मुळात २ च आहे, त्याचं जवळपास निम्मं जातं. सपाट रस्त्यावर ‘चालतंय की’ वाटणारा ब्रेक उतारावर दगा देतो तो यामुळे. खालचं उदाहरण पाहा.

४. एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

वेग ४५ किमी/तास, म्हणजे १२.५ मीटर/सेकंद. उतार ८ टक्के. प्रतिक्रिया-काळ १ सेकंद. त्या एका सेकंदात १२.५ मीटर रस्ता गेला. हे सगळ्यांना समान.

आता पहिला स्वार घेऊ. त्याचे ब्रेक चांगले आहेत आणि सपाट कोरड्या रस्त्यावर तो ४ मीटर/सेकंद² मंदन मिळवतो. वेगाचा वर्ग १५६.२५. सपाट रस्त्यावर ब्रेकचं अंतर १५६.२५ ÷ ८, म्हणजे १९.५ मीटर, आणि एकूण ३२ मीटर. उतारावर मंदन ४ वजा ०.८ म्हणजे ३.२ उरतं. ब्रेकचं अंतर १५६.२५ ÷ ६.४, म्हणजे २४.४ मीटर, आणि एकूण सुमारे ३७. उताराने त्याचे ५ मीटर वाढवले.

दुसऱ्या स्वाराचे ब्रेक पॅड झिजलेले आहेत, केबल सैल आहे, सपाटावर जेमतेम २ मिळतं. सपाट रस्त्यावर त्याचं एकूण अंतर ३९ अधिक १२.५, म्हणजे साधारण ५२ मीटर. उतारावर मंदन १.२ उरतं. ब्रेकचं अंतर १५६.२५ ÷ २.४, म्हणजे ६५ मीटर, आणि एकूण साडेसत्त्याहत्तरच्या पुढे. त्याच उताराने याचे २६ मीटर वाढवले.

दोघेही एकाच वेगाने, एकाच रस्त्याने चालले आहेत. पहिला जिथे उभा राहतो तिथून दुसरा अजून चाळीस मीटर पुढे जातो.

५. पाटीवर १० टक्के लिहिलंय. म्हणजे १० अंशांचा उतार का?

नाही. १० टक्के म्हणजे आडव्या १०० मीटरमागे १० मीटर खाली, आणि तो कोन ५.७ अंश होतो. १० अंशांचा उतार जवळपास १८ टक्के भरतो. फोनमधली कोन मोजणारी ॲप अंश दाखवतात आणि सायकलचे कॉम्प्युटर टक्के दाखवतात, तेव्हा आकडा कशातला आहे ते आधी बघा.

उपकरण नसेल तर एक मीटरची सरळ पट्टी घ्या. एक टोक रस्त्याला टेकवून पट्टी उताराच्या दिशेने आडवी धरा, सपाटी पाणपातळीने तपासा. दुसऱ्या टोकाखाली रस्त्यापर्यंत जितके सेंटीमीटर भरतील, तितके टक्के उतार. उतार मध्ये मध्ये बदलत असेल तर हिशोबाला सरासरी न घेता सगळ्यात तीव्र तुकडा घ्या, कारण अडचण नेमकी तिथे आली तर सरासरीचा काही उपयोग नाही.

६. प्रतिक्रिया-काळ किती धरायचा? माझा तर अर्धा सेकंदच आहे, ॲपवर तपासलाय.

ॲपवरचा खेळ तुम्ही वाट बघत खेळता. ठिपका कधीतरी रंग बदलणार, आणि बदलला की काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. रस्त्यावर आधी काहीतरी चुकतंय हे ओळखावं लागतं, मग थांबायचं की बाजूने काढायचं ते ठरवावं लागतं. बोटं लिव्हरवरच असतील आणि मन रस्त्यावर असेल तर १ सेकंद धरणं रास्त आहे. अनपेक्षित गोष्ट असेल तर दीड. हात हँडलच्या वरच्या भागावर असतील आणि लिव्हर खाली असेल, तर हात तिथपर्यंत नेण्याचा वेळ आणखी वेगळा. रस्ते आखणारे अभियंते सहसा २.५ सेकंद धरतात, कारण त्यांना सगळ्यात संथ माणसालाही सामावून घ्यायचं असतं.

४५ च्या वेगात प्रत्येक अर्धा सेकंद सहा मीटरहून जास्त पडतो. म्हणून लांब उतारावर दोन बोटं सतत लिव्हरवर ठेवणं हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो. पॅड न बदलता अंतर कमी होतं.

७. माझ्या सायकलचं मंदन किती, हे मला कसं कळणार?

मोजून. रिकामा, कोरडा, सपाट रस्ता निवडा आणि खडूने एक रेघ मारा. २५ किमी/तासाचा स्थिर वेग धरून या, पुढचं चाक रेघेवर आलं की दोन्ही ब्रेक घट्ट पण चाक न घसरवता दाबा, आणि रेघेपासून थांबलेल्या पुढच्या चाकापर्यंत टेपने मोजा. रेघ आधीच माहीत असल्यामुळे प्रतिक्रिया-काळ यात येत नाही, आणि तेच हवं आहे. २५ किमी/तास म्हणजे ६.९४ मीटर/सेकंद, आणि त्याचा वर्ग ४८.२. तेव्हा मंदन = २४.१ ÷ अंतर. सहा मीटरमध्ये थांबलात तर ४, आठ मीटरमध्ये ३, बारा मीटरमध्ये २.

पाच वेळा करा आणि सरासरी घेण्याऐवजी सगळ्यात वाईट आकडा ठेवा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा साडेनऊ मीटर आले, म्हणजे मंदन अडीच. ब्रेक ठीकठाक आहेत अशी माझी ठाम समजूत होती. पॅड बदलून केबल ताणल्यावर तोच आकडा सहा मीटरच्या आसपास आला.

वेगाच्या आकड्याची एक अडचण आहे. जीपीएसवर चालणारा वेग किंचित मागे पडतो, म्हणून रेघेच्या आधी निदान पाच-सहा सेकंद वेग स्थिर ठेवा. आणि ही चाचणी उतारावर करू नका. सपाटावर मोजा, उतार प्रश्न ३ प्रमाणे वजा करा.

८. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून पडतो म्हणतात. म्हणून मी फक्त मागचाच वापरतो. बरोबर ना?

भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे.

ब्रेक दाबताच शरीराचा भार पुढे सरकतो. पुढच्या चाकावर दाब वाढतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला रस्त्यावर पकड कमी, त्यामुळे मागच्या ब्रेकची ताकद आपोआप आटते. थोडं जास्त दाबलं की ते चाक जाम होऊन घसरतं.

आकड्यांत पाहू. स्वारासकट सायकलचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून ६० सेंटीमीटर मागे आणि रस्त्यापासून ११० सेंटीमीटर वर आहे, दोन चाकांत एक मीटर अंतर आहे, रस्ता कोरडा डांबरी आहे असं धरा. फक्त मागच्या ब्रेकने सपाटावर जास्तीत जास्त २.३ च्या आसपास मंदन मिळतं. पुढच्या ब्रेकने मर्यादा येते ती मागचं चाक उचललं जाण्याची, आणि ती ६० ÷ ११० गुणिले ९.८, म्हणजे ५.४ वर येते. १० टक्के उतारावर दोन्हीतून १ वजा होतो: मागचा १.३ वर, पुढचा ४.४ वर. ३६ किमी/तासाला फक्त ब्रेकचं अंतर मागच्याने ३८ मीटर, पुढच्याचा मर्यादेपर्यंत वापर केला तर ११ मीटर. प्रश्न ३ मध्ये सांगितलेली सारखी कापणी इथे पुन्हा दिसते: आधीच दुबळा असलेला ब्रेक उतारावर आणखी दुबळा होतो.

पण ४.४ ही कडा आहे, तिथे मागचं चाक हवेत जायला सुरुवात होते. त्यामुळे झटका न देता, अर्ध्या सेकंदात दाब वाढवत न्यायचा, म्हणजे भार पुढच्या चाकावर बसायला वेळ मिळतो. त्याच वेळी बूड सीटच्या मागे आणि खाली न्यायचं, कोपर ताठ न करता हातांनी स्वतःला रोखून धरायचं. गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर मागे आणि १० सेंटीमीटर खाली गेला तर उलटण्याची मर्यादा ७० ÷ १०० वर जाते. तेव्हा उलटण्याआधी टायरच्या पकडीचाच प्रश्न येतो. मागचं चाक हलकं होऊन डगमगायला लागलं की तो इशारा समजायचा: पुढचा ब्रेक किंचित सोडायचा, पूर्ण नाही.

अपवाद वाळूचा, खडीचा, ओल्या पानांचा आणि रस्त्यावरच्या रंगीत पट्ट्यांचा. तिथे पुढचं चाक जाम झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. अशा ठिकाणी ब्रेक त्या जागेच्या आधीच मारून घ्यायचा.

९. पावसात किती फरक पडतो?

दोन ठिकाणी पडतो. ओल्या डांबरावर टायरची पकड कमी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट विसरली जाते: रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक नावापुरताच लागतो. समजा चार फेऱ्यांनंतर पॅड धरू लागले. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे आठ मीटर फुकट गेले.

प्रश्न ४ मधल्या चांगल्या ब्रेकच्या स्वाराचं मंदन ओल्यात सपाटावर २.५ वर आलं असं धरू. उतारावर उरलं १.७. ब्रेकचं अंतर ४६, प्रतिक्रियेचं साडेबारा, पाणी पुसण्याचं आठ. एकूण ६६ मीटर, कोरड्यात ३७ होते. डिस्क ब्रेकमध्ये ही आठ मीटरची उधळपट्टी बरीच कमी होते, टायरची पकड मात्र त्याने वाढत नाही. रिम ब्रेकवाल्यांनी पावसात अधूनमधून लिव्हर हलकेच दाबून रिम पुसत राहावं.

१०. जड माणूस किंवा सामान लादलेली सायकल उशिरा थांबते का? वजन तर सूत्रात कुठेच नाही.

मर्यादा टायरच्या पकडीची किंवा उलटण्याची असेल तर वजनाने फरक पडत नाही, कारण वजन वाढलं की पकडही त्याच प्रमाणात वाढते. मर्यादा ब्रेकच्या किंवा बोटांच्या ताकदीची असेल तर पडतो, आणि चांगलाच. ब्रेक मिळून ३०० न्यूटन बल देतात असं धरा. ७५ किलोला मंदन ४ येतं. पाठीमागे २५ किलो सामान बांधलं की तेच ३ होतं. ८ टक्के उतारावर ३.२ च्या जागी २.२ उरतं, आणि ४५ च्या वेगात ब्रेकचं अंतर २४ वरून साडेपस्तीस मीटरवर जातं. तुमची सायकल कोणत्या गटात आहे ते असं ओळखा: सगळी ताकद लावूनही मागचं चाक हलकं होत नाही किंवा घसरत नाही, तर मर्यादा ब्रेकची आहे. तेव्हा सामानासकट प्रश्न ७ ची चाचणी पुन्हा करा.

११. उलट हिशोब हवाय. वळणापलीकडचं २५ मीटरच दिसतं, तर वेग किती ठेवू?

सूत्र उलटवलं की असं येतं:

वेग = √(म² × त² + २ × म × अंतर) − म × त

यात म म्हणजे उतार वजा करून उरलेलं मंदन आणि त म्हणजे प्रतिक्रिया-काळ. ८ टक्के उतार आणि १ सेकंद धरून, चांगल्या ब्रेकला (म = ३.२) ९.८५ मीटर/सेकंद येतं, म्हणजे ३५ किमी/तास. झिजलेल्या ब्रेकला (म = १.२) ६.६, म्हणजे २४ किमी/तास. हे दोन्ही आकडे सरळ रेषेत थांबण्याचे आहेत. वळणात टायरची काही पकड सायकल वळवण्यात खर्च होते. वळण्यासाठी ६० टक्के पकड लागत असेल तर ब्रेकसाठी ८० टक्के उरते (दोन्ही बलं काटकोनात असल्यामुळे बेरीज १०० होत नाही). आणि समोरूनही कोणी त्याच अरुंद रस्त्याने येऊ शकत असेल, तर दिसणारं अंतर दोघांत वाटून घ्यावं लागतं. मग २५ नाही, साडेबारा मीटर घालायचे.

१२. प्रतिक्रियेच्या वेळात उतारामुळे वेग वाढतच असतो. शिवाय हवाही रोखते. हे दोन्ही का सोडून दिलं?

कारण नेहमीच्या उदाहरणात ते एकमेकांना फिटवतात. प्रश्न ४ मध्ये सरळ बसलेल्या स्वाराचा हवेचा रोध धरला तर त्या एका सेकंदात वेग फक्त १ किमी/तासाच्या आसपास वाढतो, आणि त्याने एकूण अंतर दीडेक मीटरने वाढतं. पुढे ब्रेक लागल्यावर हवा आणि टायरचा रोध मिळून साधारण दोन मीटर परत देतात.

ही फिटंफाट एका ठिकाणी मोडते: उतार खूप तीव्र आणि वेग कमी. १५ टक्के उतार, २० किमी/तास, आणि तुम्ही नुकताच ब्रेक सोडला आहे. या वेगात हवा जवळपास काहीच रोखत नाही. दीड सेकंद बेसावध राहिलात तर वेग २७ वर गेलेला असतो. ४ मंदनाच्या ब्रेकला २० वरून थांबायला सव्वासहा मीटर लागले असते, २७ वरून सव्वाअकरा लागतात. अशा उतारावर वाढलेला वेग घालूनच हिशोब करा.

१३. ब्रेक दाबलेला असूनही सायकल थांबतच नाही, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. उतार जितकं कापतो त्यापेक्षा ब्रेकचं मंदन कमी असेल तर सूत्रातला भाजक शून्य किंवा ऋण होतो, म्हणजे थांबण्याचं अंतर असं काही उरतच नाही. मोकळ्या खडीवर फक्त मागच्या ब्रेकने १.३ च्या आसपास मंदन मिळतं. १४ टक्क्यांच्या खडीच्या उतारावर गुरुत्वाकर्षण १.४ कापतं. मागचं चाक जाम, खडी उडते आहे, आणि वेग तसाच किंवा किंचित वाढतोय. अशा वेळी मागचा ब्रेक आणखी आवळून काही मिळत नाही, चाक आधीच घसरतंय. तो थोडा सोडून चाक फिरतं करायचं आणि पुढचा ब्रेक अगदी हळू वाढवत न्यायचा.

१४. लांब उताराच्या शेवटी ब्रेक कमी लागतात असं वाटतं. भास आहे का?

भास नाही. सायकलसकट ९० किलो वजन ८ टक्के उतारावर ३६ किमी/तासाने रोखून धरलं, तर हवेने आणि टायरने घेतलेला वाटा सोडून ब्रेकमध्ये ४०० वॅटहून जास्त उष्णता सतत ओतली जाते. पॅडचा पृष्ठभाग तापून गुळगुळीत होतो आणि पकड घटते. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल उकळलं तर लिव्हर मऊ होऊन हँडलपर्यंत येतो. प्रश्न ७ मध्ये मोजलेलं मंदन थंड ब्रेकचं होतं, ते इथे लागू धरू नका.

सतत हलका ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा सरळ रस्त्यावर वेग थोडा वाढू देऊन, मग जोरात दाबून पुन्हा सोडणं बरं, कारण वेगात हवा जास्त काम करते आणि मधल्या वेळात ब्रेक निवतात. लिव्हर नेहमीपेक्षा खोल जायला लागला किंवा जळका वास आला की उतरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. डिस्क किंवा रिम गरम आहे का ते बोटाने तपासू नका, पाण्याचा एक थेंब टाकून बघा. चर्र आवाज आला तर अजून थांबायचं.